दाढ काढल्यानंतर: पहिल्या दिवसाचं रक्त आणि पुढच्या आठवड्याचं जेवण

दाढ निघाली की हिरडीत आणि खालच्या हाडात एक खड्डा उरतो. थोड्याच वेळात तो रक्ताने भरतो आणि ते रक्त गोठून गडद लाल, जेलीसारखी गाठ तयार होते. हात कापला तर आपण वरून पट्टी बांधतो. तोंडात तशी पट्टी टिकत नाही, म्हणून ही गाठच इथली पट्टी असते. ती उघडं हाड झाकते आणि पुढच्या आठवड्यात तिच्यातूनच नवं मांस भरून येतं. दाढ काढल्यावर दवाखान्यात हातात जो सूचनांचा कागद देतात, त्यातली जवळपास प्रत्येक ओळ ही गाठ आधी बसावी आणि मग निघू नये यासाठीच असते. हे एकदा लक्षात आलं की कागद घरी विसरला तरी काय करायचं ते कळतं.

बोळा किती वेळ आणि कसा धरायचा

खुर्चीवरून उठण्याआधी डॉक्टर दाढेच्या जागी गॉजचा बोळा ठेवून दात मिटायला सांगतात. तो पाऊण ते एक तास घट्ट चावून धरायचा. रक्त थांबतं ते दाबामुळे, बोळ्याने रक्त शोषल्यामुळे नाही. बोळा तोंडात आहे पण दात सैल आहेत, अशा वेळी बोळा फक्त भिजत राहतो आणि खाली गाठ धरत नाही. समोरची वरची किंवा खालची दाढ आधीच पडलेली असेल तर चावूनही दाब पडत नाही. तसं असेल तर तिथेच डॉक्टरांना सांगा, ते बोळा जाड करून देतात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दर पाच मिनिटांनी बोळा काढून पाहणं. दर वेळी बोळ्याला चिकटलेली कोवळी गाठ सोबत उपटून येते आणि रक्त पहिल्यापासून सुरू होतं. बोळा धरून बोलणंही टाळा. एसटी स्टँडवर फोनवरून घरी काय ते कळवायचं असेल तर सोबतच्या माणसाला कळवू द्या.

तासाभराने बोळा हळूच, एका बाजूने उचलून काढा. कोरडा चिकटलाय असं वाटलं तर आधी घोटभर गार पाणी तोंडात घेऊन तो ओला होऊ द्या, मग काढा. त्यावर लाल डाग दिसणारच. डोळ्यांसमोर खड्ड्यातून रक्त वर येत नसेल तर नवा बोळा ठेवायची गरज नाही.

थुंकायचं नाही, हे का

थुंकताना आपण गाल आत ओढतो आणि तोंडात ओढ तयार होते. त्या ओढीने गाठ जागेवरून सुटते. स्ट्रॉने ताक किंवा उसाचा रस पिणं, विडी-सिगारेटचा झुरका घेणं, जोरात चूळ भरून टाकणं, या सगळ्यांत तीच ओढ असते. म्हणून पहिले 24 तास लाळ गिळायची, जरी तिची चव रक्ताची आणि खारट लागत असली तरी. फारच नको वाटलं तर तोंड उघडून मान खाली करा, लाळ आपोआप बेसिनमध्ये किंवा तांब्यात गळू द्या, नाहीतर कपड्याने टिपून घ्या.

पहिल्या दिवशी लाळ गुलाबी येणं ठीक आहे. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं की वाटीभर रक्त गेल्यासारखं दिसतं, आणि इथेच माणूस घाबरतो. सकाळी उशीवर फिकट डाग दिसला तरी काळजी नको. पहिल्या रात्री उशीवर जुना टॉवेल अंथरा आणि डोक्याखाली दोन उशा घ्या. डोकं उंच राहिलं की जबड्याकडचा रक्ताचा जोर कमी राहतो.

संध्याकाळी रक्त पुन्हा का येतं

समजा औसा तालुक्यातल्या एका गावातले 55 वर्षांचे शेतकरी लातूरला आले आणि दुपारी 12 वाजता त्यांची खालची डावी दाढ निघाली. एक वाजता बोळा काढला, रक्त थांबलेलं होतं. ओठ आणि जीभ अजून सुन्नच होती. दीड वाजता स्टँडवर त्यांनी गरम चहा घेतला. साडेचारला घरी पोहोचले, सुन्नपणा उतरला, ठणका लागला, तोंडाला रक्ताची चव आली. त्यांनी अंगणात थुंकून पाहिलं तर लाल. मग पुन्हा पुन्हा थुंकले, तीनदा पाण्याने चूळ भरली. साडेपाचला तोंडात रक्त जमायला लागलं आणि घरच्यांनी हळद दाबायची तयारी केली.

यात काय काय झालं ते पाहू. दात सुन्न करायच्या इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं असतं. त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून दुपारी सगळं कोरडं दिसतं. काही तासांनी तो परिणाम उतरतो, वाहिन्या पुन्हा सैल होतात आणि थोडं रक्त झिरपतं. म्हणजे संध्याकाळचं हे झिरपणं अपेक्षितच होतं, काही न करता किंवा थोड्या दाबाने ते थांबलं असतं. गरम चहाने वाहिन्या आणखी फुलल्या, त्यातून थुंकण्याने आणि चुळांनी उरलीसुरली गाठ निघून गेली. शिवाय दवाखान्यात जायच्या गडबडीत त्यांनी सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली नव्हती. दाब चढलेला असेल तर बारीक जखमही वाहत राहते, म्हणून दात काढायच्या दिवशी ही गोळी चुकवू नये.

आता साडेपाचला त्यांनी काय करायचं:

1. खुर्चीवर ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही. एक घोट गार पाणी तोंडात घेऊन ते न खळखळता बाहेर गळू द्यायचं.
2. दुसऱ्या माणसाने मोबाइलच्या उजेडात पाहायचं. खड्ड्यावर, हिरडीच्या बाहेर यकृताच्या तुकड्यासारखी सैल, लोंबती गाठ आलेली असेल तर ती ओल्या गॉजने टिपून काढायची. ही बाहेर आलेली गाठ रक्त थांबवत नाही, उलट तिच्याखाली रक्त येत राहतं. खड्ड्याच्या आत बसलेल्या गाठीला मात्र हात लावायचा नाही.
3. स्वच्छ गॉज घडी घालून अंगठ्याच्या पेराएवढा जाड बोळा करायचा, पाण्याने ओला करून पिळायचा आणि नेमका खड्ड्यावर ठेवायचा. गालाशी किंवा शेजारच्या दाढेवर ठेवलेला बोळा कामाचा नाही. चावल्यावर खड्ड्यावरच दाब जाणवला पाहिजे.
4. घड्याळ लावून 30 मिनिटं न उघडता, न बोलता घट्ट चावून धरायचं.

गॉज नसेल तर पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा 10 मिनिटं उकळून, गार करून वापरा. नुसता कापूस नको, त्याचे धागे गाठीत अडकतात आणि काढताना गाठ ओढून आणतात. टी-बॅग मिळाली तर ती गरम पाण्यात भिजवून, पूर्ण गार करून, पिळून बोळ्याच्या जागी तेवढाच वेळ चावून धरली तरी चालते. चहातल्या टॅनिनमुळे गाठ धरायला मदत होते. सुटी चहा पावडर मात्र खड्ड्यात भरू नका.

तीस मिनिटांनी रक्त मंद झालं असेल पण थांबलं नसेल, तर आणखी एकदा तसाच बोळा आणि आणखी 30 मिनिटं. दोन वेळा नीट दाबूनही ताजं लाल रक्त येत असेल तर घरी आणखी प्रयोग करू नका. डॉक्टरांना फोन करा, त्यांचा दवाखाना बंद असेल तर जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जा. वाटेत बोळा चावलेलाच ठेवा. बहुतेक वेळा एखादा टाका किंवा औषधाचा स्पंज घातला की काम होतं. चक्कर येणं, घाम सुटून अंग गार पडणं, तोंड काही मिनिटांत रक्ताने भरून येणं असं काही दिसलं तर दोन बोळ्यांचीही वाट पाहू नका, 108 वर फोन करा.

हळदीचं काय? हळद, तंबाखू, मिसरी, चुना, लवंगेचं तेल, बारीक केलेली अ‍ॅस्पिरिन, यांतलं काहीही खड्ड्यात घालायचं नाही. भुकटी गाठीत मिसळली की गाठ ठिसूळ होते, आणि चुना किंवा अ‍ॅस्पिरिनने हिरडी भाजते. भाजलेली हिरडी पांढरी पडून सोलते आणि त्या ठणक्याला लोक दाढेचा ठणका समजतात.

दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहिलेलीच गोळी घ्या आणि पहिली गोळी सुन्नपणा उतरायच्या आधी घ्या, ठणका सुरू झाल्यावर नव्हे. दुकानातून दुखण्यावर म्हणून अ‍ॅस्पिरिन आणू नका, तिने रक्तस्राव वाढतो. पण हृदयासाठी डॉक्टरांनी रोजची छोटी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची दुसरी गोळी दिली असेल, तर ती मनानेच बंद करू नका. ती चालू आहे हे दात काढण्याआधीच सांगायचं असतं. राहून गेलं असेल तर फोन करून आता सांगा.

सूज आणि ठणक्यासाठी पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ लावता येतो. कपड्यात गुंडाळून 10 मिनिटं ठेवा, 10 मिनिटं काढा, असं काही वेळा. घरी फ्रीज नसेल तर रसवंतीवरून आणलेला बर्फ चालेल, फक्त तो तोंडात घालायचा नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते आणि मग ओसरते. भरलेली घागर उचलणं, शेतात वाकून काम, उन्हातान्हात हिंडणं हे सगळं दोन दिवस बाजूला ठेवा.

जेवण: पहिला दिवस

सुन्नपणा पूर्ण उतरेपर्यंत काही चावायचं नाही. खालच्या दाढेच्या इंजेक्शननंतर याला दोन ते चार तास लागतात. सुन्न गाल किंवा ओठ दाताखाली आला तर कळत नाही, आणि संध्याकाळी आरशात ओठ सुजून फाटलेला दिसतो. लहान मुलं तर गंमत म्हणून सुन्न ओठ चावत बसतात, त्यांच्यावर नजर ठेवा. गरम चहाही सुन्न तोंडाला कळत नाही आणि जीभ भाजते.

त्या दिवशी जेवण गार किंवा कोमट हवं, आणि घोट घोट पिण्यासारखं किंवा न चावता जिभेने दाबून गिळण्यासारखं हवं. मराठवाड्याच्या घरात याला वेगळं काही करावं लागत नाही. ज्वारीच्या पिठाची आंबील गार करून, मीठ-ताक घालून वाटीने प्या. मिरची मात्र नको. मऊ गुरगुट्या भात दह्याबरोबर, गार केलेला रव्याचा सांजा, कुस्करलेलं केळं, गार दूध, ताक. सगळं वाटीला किंवा पेल्याला तोंड लावून नाहीतर चमच्याने, आणि दुसऱ्या बाजूने. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका, तोंड कोरडं पडलं की दुखणं जास्त जाणवतं.

मधुमेह असलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. दाढ दुखते म्हणून जेवण टाळायचं आणि इन्सुलिन किंवा गोळी मात्र नेहमीसारखी घ्यायची, याने साखर घसरते. हातपाय थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं वाटणं दिसलं तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पेल्याने पाजा. नेहमीच्या जेवणाच्या वेळी भात, आंबील किंवा दूध पोटात जायलाच हवं.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर

चोवीस तासांनंतर मऊ, पण अजून कोमटच खायचं. मुगाची पातळ खिचडी, ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकात किंवा दुधात, साधं वरण-भात, उकडलेलं अंडं कुस्करून, उकडलेला बटाटा. भाकरी खायची असेल तर कडेचा कडक भाग काढून पापुद्रा आणि मऊ भाग दुधात किंवा वरणात अर्धा तास भिजत घाला आणि बोटाने कुस्करून घ्या. दाताने तोडायची भाकरी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत नको, आणि तेव्हाही दुसऱ्या बाजूने.

तिखटापेक्षाही त्रास देते ती बारीक दाण्याची भर. शेंगदाण्याचा कूट, तीळ, कारळाची चटणी, फोडणीतली मोहरी आणि जिरं, चुरमुरे, शेव, पोह्यातले दाणे. हे कण खड्ड्यात जाऊन बसतात, जिभेने निघत नाहीत, आणि माणूस ते काढायला काडी किंवा पिन घालतो. तिथेच गाठ फुटते. म्हणून आठवडाभर रुग्णाचं वरण फोडणीआधी वेगळं काढून ठेवा. घरच्या बाईला एवढंच सांगून ठेवलं तर निम्मा त्रास टळतो. सुशीला, चिवडा, भाजलेली कणसं, हुरडा, ऊस, खारे दाणे यांना किमान दोन आठवडे सुट्टी. येसराच्या झणझणीत आमटीने गाठ फारशी जात नाही, पण उघड्या हिरडीची आग होते. चार-पाच दिवस ती नको.

उपवास असेल तर पंचाईत होते, कारण साबुदाण्याची खिचडी चिकटही असते आणि तिच्यात कूटही असतो. भगरीचे दाणेही खड्ड्यात जातात. त्यापेक्षा उकडून कुस्करलेलं रताळं, केळं, दूध, दही यावर भागवा. आणि गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका, विशेषतः आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पोटात जळजळ होते.

भात, दही किंवा आंबट खाल्लं की जखमेत पू होतो, असं घरोघरी सांगतात. दाढेच्या खड्ड्यात पू होतो तो जंतूंमुळे, भाताने नव्हे. उलट या भीतीने माणूस चार दिवस चहा-बिस्किटावर राहतो आणि अशक्त होतो. ताजं, स्वच्छ दही आणि भात हे या दिवसांतलं सोयीचं जेवण आहे. दारू मात्र पूर्ण बंद. मेट्रोनिडाझोल नावाची गोळी लिहिलेली असेल तर गोळ्यांचा कोर्स संपल्यावरही दोन-तीन दिवस बंदच.

चूळ आणि ब्रश

पहिले 24 तास चूळ नाही. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवा, तोंडात घ्या, मान त्या बाजूला कलती करून अर्धा मिनिट धरा आणि मग तोंड उघडून गळू द्या. खळखळून टाकायचं नाही. प्रत्येक जेवणानंतर आणि झोपताना, दिवसातून चारेक वेळा, आठवडाभर. बाकीच्या दातांना ब्रश पहिल्या रात्रीपासूनच करा, फक्त खड्ड्याच्या शेजारी हात हलका ठेवा. मिसरी, गुल, तंबाखू आणि विडी जितके जास्त दिवस लांब राहील तितकं चांगलं, पहिले तीन दिवस तर अजिबातच नको. या दिवसांत "फक्त एकदाच" असं काही नसतं, कारण एका झुरक्यानेही गाठ निघू शकते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी खड्ड्यात काय दिसतं

तिसऱ्या दिवसाच्या सुमारास गाठीवर पिवळट-पांढरा थर येतो. पुष्कळ जण त्याला पू समजून बोटाने किंवा कापसाने खरडून काढतात. दुखणं दिवसागणिक कमी होत असेल आणि वास नसेल तर तो पू नाही, भरून येणारी जखमच तशी दिसते. त्याला हात लावू नका.

याच्या उलट चित्रही असतं. दोन दिवस दुखणं कमी होत होतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक जोराचा ठणका सुरू झाला, तो कानाकडे जातो, गोळीने दबत नाही, तोंडाला घाण वास येतो आणि खड्ड्यात गाठ दिसत नाही, रिकामं किंवा करडं हाड दिसतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या दाढांना आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तो जास्त होतो. यात अँटिबायोटिक वाढवून किंवा दुकानातून तीव्र गोळी आणून फारसं साधत नाही. दवाखान्यात खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवतात, आणि बहुतेकांना त्याच दिवशी आराम वाटायला लागतो. म्हणून पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जा.

सातेक दिवसांनी थांबलेलं रक्त पुन्हा सुरू झालं, तर ते पहिल्या दिवसाच्या झिरपण्यासारखं नसतं. त्यामागे बहुतेक वेळा खड्ड्यातला जंतुसंसर्ग असतो. बोळा दाबा, पण त्याच दिवशी दाखवाही. तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच गेली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना त्रास झाला किंवा जिभेखाली आणि हनुवटीखाली कडक सूज आली तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा, श्वास अडू शकतो. खालचा ओठ दुसऱ्या दिवशीही सुन्नच असेल तर तेही डॉक्टरांना कळवा.

टाका काळ्या रेशमी दोऱ्याचा असेल तर तो साधारण पाच ते सात दिवसांनी काढावा लागतो, आपोआप विरघळत नाही. तारीख त्याच कागदावर लिहून घ्या आणि गावाहून येणारी एसटी त्या दिवशी आहे का तेही पाहून ठेवा. खड्डा वरून झाकला जायला तीन-चार आठवडे लागतात, आतलं हाड भरायला काही महिने. त्या मधल्या काळात जेवणानंतर त्या बाजूने मिठाच्या पाण्याची चूळ धरली की अडकलेलं शीत निघून येतं.